हा पिंपल जात का नाही?

पिंपल या शब्दावर आपण फार भार टाकतो. हनुवटीवर लाल गाठ आली, पिंपल. कपाळावर दाणे उठले, पिंपल. नाकाच्या शेंड्यावर काहीतरी चमकतंय आणि ते गेल्या दिवाळीपासून तिथेच आहे, तरीही पिंपल! चेहऱ्यावर जे जे उगवतं त्या सगळ्याला एकच नाव दिलं की डोक्याला ताप नाही. मेडिकलमधून ट्यूब आणायची, आरशात बघून चोळायची, आणि आठ दिवसांनी विसरून जायचं.

बहुतेक वेळा हा फंडा चालून जातो. खऱ्या पिंपलला जायचंच असतं, तुम्ही काही लावा नाहीतर लावू नका. भानगड होते ती पिंपलचा वेश घेऊन येणाऱ्या एका गाठीची. तिचं नाव बेसल सेल कार्सिनोमा. आमच्या भाषेत बीसीसी. हा त्वचेचा कॅन्सर आहे. शब्द वाचून पान उलटू नका, कारण कॅन्सर म्हटल्यावर डोळ्यासमोर जे येतं त्यातलं बरंचसं इथे लागू होत नाही. हा फार क्वचितच शरीरात दुसरीकडे पसरतो. पण जिथे बसतो तिथली जागा शांतपणे, चिकाटीने खात राहतो. नाकाचा कोपरा, पापणीची कड, कानाची पाळी. डॉक्टरांकडे जायला उशीर केला तर माणूस वाचतो, पण नाक पूर्वीसारखं राहत नाही.

आता तुमच्यापैकी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या मंडळींना आधीच सांगते, तुमच्या हनुवटीवरचा तो पिंपल बहुतेक पिंपलच आहे. आपल्या सावळ्या कातडीत बीसीसी गोऱ्या लोकांच्या तुलनेत खूपच कमी होतो, आणि होतो तोही बहुतेक पन्नाशी-साठीनंतर. मग हे तुम्हाला कशाला? कारण ज्यांना तो होतो ते हे मॅगझिन वाचत नाहीत. ते घरी दाढी करत असतात, नाहीतर देवपूजा. त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघणारे तुम्हीच.

पिंपलचं टाइमटेबल

फरक कळायचा असेल तर आधी पिंपल म्हणजे काय ते बघू. केसाच्या मुळाशी एक तेलग्रंथी असते. तिचं तोंड मेलेल्या पेशी आणि तेल यांनी बुजतं. आत तेल साठतं, तिथले जिवाणू त्यावर पोसतात, आणि शरीर तिकडे सैन्य पाठवतं. सूज, लाली, ठणका आणि पू हे त्या लढाईचं लक्षण. लढाई म्हटली की ती संपतेही. साधा पिंपल दोन-तीन दिवसांत फुगतो, आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो. खोलवरची, दुखरी गाठ असेल तर काही आठवडे घेते. मागे काळा डाग उरतो, कधी खड्डा. पण गाठ जाते.

आणखी एक गोष्ट. पिंपल सहसा एकटा येत नाही. आसपास ब्लॅकहेड असतात, जुने डाग असतात, पाळीच्या आधी वाढणं-घटणं असतं. आज इथे, पुढच्या महिन्यात तिथे. पिंपल जागा बदलतो.

बीसीसी यातलं काहीच करत नाही. तो एकटा येतो. दुखत नाही. त्यात पू नसतो. जिथे आला तिथेच राहतो, आणि वर्षाला जेमतेम काही मिलीमीटर या वेगाने वाढतो. थोडक्यात, पिंपल हा पाहुणा आहे, कितीही पिडला तरी बॅग भरून निघणारा. हा मात्र पागडीवर राहणारा भाडेकरू. जागा सोडायचं नाव नाही.

मोत्याची चमक कुठून येते?

आपल्या त्वचेच्या वरच्या थराचा सगळ्यात खालचा मजला म्हणजे बेसल पेशींची रांग. या पेशींचं काम एकच, विभागत राहायचं आणि नवीन पेशी वर पाठवायच्या. त्या वर चढतात, चपट्या होतात आणि महिन्या-दीड महिन्यात गळून पडतात. हे विभागणं आटोक्यात ठेवायला पेशीत ब्रेक असतात. त्यातल्या एका महत्त्वाच्या ब्रेकच्या जनुकाचं नाव पीटीसीएच-वन. वर्षानुवर्षांच्या उन्हातली अतिनील किरणं एखाद्या पेशीत हा ब्रेक तोडतात. मग ती पेशी विभागत सुटते. पण तिची पिल्लं वर चढून गळत नाहीत. ती खाली, त्वचेच्या आतल्या बाजूला, घोसाघोसांनी साठत जातात.

हे घोस अगदी पातळ झालेल्या वरच्या कातडीखाली दाटीने बसलेले असतात आणि त्यांच्याभोवती बुळबुळीत, अर्धपारदर्शक पदार्थ असतो. उजेड आत शिरतो, विखुरतो आणि बाहेर येतो. त्यामुळे गाठीला ती ओलसर, आतून आल्यासारखी चमक येते. इंग्रजी पुस्तकांत तिला मोत्याची उपमा दिलेली आहे आणि ती चपखल आहे. पृष्ठभागावर केसाएवढ्या बारीक, फांद्या फुटलेल्या रक्तवाहिन्याही दिसतात, कारण ती गाठ स्वतःसाठी रक्ताची लाईन ओढून घेते.

पण इथे आपल्या लोकांचा घोळ होतो. इंटरनेटवर फोटो शोधलेत तर गोऱ्या चेहऱ्यावरचा गुलाबी मोती दिसेल. आपल्या कातडीत अर्ध्याहून अधिक बीसीसी रंगीत असतात, म्हणजे तपकिरी, निळसर-करडे, नाहीतर चक्क काळे. मोती असतो, पण काळा मोती. मग आपण त्याला पिंपलही म्हणत नाही, तीळ म्हणतो, चामखीळ म्हणतो, आणि निर्धास्त होतो. फोटोशी ताडून बघितलं, जुळलं नाही, म्हणजे आपलं काही नाही! रंगावर जाऊ नका. कड बघा. कडेला उंचावलेला, गुळगुळीत, चमकदार बांध असतो आणि मध्ये थोडा खोलगट भाग. शेताला बांध घातल्यासारखा.

बरं होण्याचं नाटक

मला सगळ्यात धोकादायक वाटते ती याची एक सवय. हा बरा झाल्याचं नाटक करतो.

गाठ वाढते तसा तिचा मधला भाग कमकुवत होतो. टॉवेल जरा जोरात घासला, रेझर लागला, चष्म्याची दांडी लागली, की रक्त येतं. थेंबभर. मग खपली धरते. खपली पाच-सहा दिवसांनी पडते आणि खाली गुलाबी, साफ कातडी दिसते. चला, भरली जखम! दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त, पुन्हा खपली. साधी जखम भरते कारण कडेच्या निरोगी पेशी मध्ये सरकून भोक बुजवतात. इथे भोकाखाली गाठच बसलेली आहे. वर पातळ पापुद्रा येतो, पण पाया भुसभुशीत, म्हणून तो पुन्हा फाटतो.

त्यात आपण भर घालतो. अँटिबायोटिक मलम लावलं की खपलीत झालेला जंतूसंसर्ग कमी होतो, ओल थांबते, औषध लागू पडल्यासारखं वाटतं. मेडिकलवाल्याने दिलेल्या क्रीममध्ये स्टिरॉइड असेल तर लाली उतरते, म्हणजे आणखी छान वाटतं. गाठ मात्र जशीच्या तशी. ‘ट्यूबने फरक पडतो, पण परत येतं,’ हे वाक्य पेशंटच्या तोंडून आलं की माझे कान टवकारतात. पिंपलच्या बाबतीत लोक म्हणतात, ‘गेला आणि दुसरीकडे आला.’ इथे म्हणतात, ‘गेला आणि तिथेच आला.’ या एका शब्दात अर्धं निदान आहे.

आयर्लंडमधल्या डब्लिनचा आर्थर जेकब नावाचा डॉक्टर. १८२७ साली त्याने पापण्यांवर आणि चेहऱ्यावर होणाऱ्या एका विचित्र व्रणाचं वर्णन लिहून ठेवलं. हळूहळू वाढणारा, फारसा न दुखणारा, वर्षानुवर्षं चालणारा. पुढे त्याला ‘रोडंट अल्सर’ हे नाव पडलं. रोडंट म्हणजे कुरतडणारा. उंदीर रात्रीतून पोत्याचा कोपरा कुरतडतो, आपल्याला पत्ता नसतो, तसंच. सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं हे तेव्हा ठाऊक नव्हतं, पण सवय त्याने अचूक ओळखली होती.

दाढीची जखम, चौदा महिन्यांची

दोन वर्षांपूर्वीची केस सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

एकोणतीस वर्षांची मुलगी, हिंजवडीत आयटीत. लग्न तीन महिन्यांवर आलेलं आणि हनुवटीवर पिंपल. टेन्शन! सोबत वडील होते, वय एकसष्ट. कालव्यांच्या कामावर आयुष्य घालवून रिटायर झालेले. नोकरीची पस्तीस वर्षं उन्हात, टोपी असली तर असली. मुलीचं प्रिस्क्रिप्शन लिहून झालं आणि ती म्हणाली, “मॅडम, बाबांच्या नाकाजवळ एक पिंपल आहे, तोही बघता का?”

बाबा लगेच म्हणाले, “अहो पिंपल कसला या वयात! दाढी करताना कापतं रोज. तुम्ही हिचं बघा.”

“काका, रोज तिथेच कापतं?” मी विचारलं.

“तिथेच. तो उंचवटा आहे ना, ब्लेड अडकतं.”

उजव्या नाकपुडीची पाळी जिथे गालाला मिळते त्या खाचेत आठ मिलीमीटरची तपकिरी-काळी गाठ होती. मध्ये खपली. खपली असली की कड नीट दिसत नाही, म्हणून मी ओल्या गॉजने ती भिजवून अलगद काढली. मग दोन सोप्या गोष्टी केल्या. टॉर्च समोरून न धरता बाजूने, तिरका धरला. आणि दोन बोटांनी गाठीच्या दोन्ही बाजूंची कातडी हलकेच ताणली. ताणल्यावर आसपासची त्वचा फिकी पडते आणि ती चमकदार कड वेगळी उठून दिसते. इथे ती गोल अंगठीसारखी दिसली. पिंपलची गाठ ताणली तर फक्त लाल ढिगारा दिसतो, अंगठी नाही.

नंतर डर्मोस्कोप लावला. हे म्हणजे दिवा बसवलेलं भिंग, गाठीवर टेकवून बघायचं. आत झाडाच्या फांद्यांसारख्या लाल रेषा आणि निळसर-करडे अंडाकृती ठिपके. हे दोन्ही दिसल्यावर पिंपलचा विषयच संपला.

“कधीपासून आहे?” यावर काकांचं उत्तर होतं, “झाले असतील दोन-तीन महिने.” हे उत्तर सगळेच देतात. मुलीने तिथेच मोबाईल काढला आणि फोटो मागे मागे सरकवत नेले. चुलतभावाच्या साखरपुड्याचा ग्रुप फोटो सापडला, चौदा महिन्यांपूर्वीचा. झूम केलं तर नाकाच्या त्याच खाचेत मसुराएवढा चमकदार ठिपका. काका गप्प झाले. पेशंटच्या आठवणीपेक्षा लग्नाचा अल्बम जास्त खरं बोलतो!

तुकडा काढायला घाबरायचं का?

निदान पक्कं करायला बायोप्सीच लागते. मी काकांना जागा बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि तीन मिलीमीटरच्या पंचने कडेचा तुकडा काढला. पंच म्हणजे गोल पातं असलेली पेनासारखी वस्तू. एक टाका. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं.

“सुई लागली की पसरतं म्हणतात,” काकांनी विचारलंच. ही भीती घराघरात आहे आणि तिच्यापायी लोक वर्षं घालवतात. बायोप्सीमुळे बीसीसी शरीरात पसरत नाही. उलट तुकडा न तपासता गाठ जाळून टाकणं हे घातक. चामखीळ म्हणून कॉटरीने किंवा लेझरने वरचा उंचवटा उडवला की वर छान गुळगुळीत व्रण तयार होतो, आणि खाली उरलेली मुळं त्या व्रणाआड आडवी पसरत जातात. चमक नाही, कड नाही, काही दिसतच नाही. दिसेल तेव्हा पहिल्यापेक्षा मोठं आणि काढायला अवघड झालेलं असतं. म्हणून कुठेही ‘तीळ काढून घ्यायला’ गेलात तर एक प्रश्न विचारा, काढलेला तुकडा तपासायला जाणार का? तो जाळून संपणार असेल, तर आधी स्किनच्या डॉक्टरांना दाखवून मगच.

सात दिवसांनी रिपोर्ट आला. नोड्युलर बेसल सेल कार्सिनोमा, पिगमेंटेड. घोसांच्या कडेने पेशी कुंपणासारख्या ओळीने उभ्या, ही त्याची सही.

सोळा मिलीमीटरचा हिशोब

आता काढायचं कसं? गाठ डोळ्याला दिसते त्यापेक्षा तिचे धागे थोडे पुढे गेलेले असतात. म्हणून लहान, स्पष्ट कडेच्या गाठीभोवती साधारण चार मिलीमीटर निरोगी दिसणारी कातडीही काढतात. पाठीवर किंवा दंडावर असेल तर प्रश्नच नाही. पण काकांचा हिशोब करा. गाठ आठ, दोन्ही बाजूंनी चार-चार, एकूण सोळा मिलीमीटर. शर्टाच्या बटणापेक्षा मोठं भोक, तेही नाकपुडीच्या कोपऱ्यात. शिवाय नाक, पापण्या, ओठ, कान या पट्ट्यात हा परत येण्याची शक्यता जास्त असते, म्हणून कमी काढून चालत नाही. जास्त काढावं तर चेहरा बिघडतो. करायचं काय?

यावरचं उत्तर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या फ्रेडरिक मोझ या सर्जनने १९३०च्या दशकात काढलं. कल्पना एकदम डोकेबाज. साध्या पद्धतीत काढलेल्या तुकड्याचे लॅबमध्ये पावाच्या लादीसारखे उभे काप घेतात आणि त्यातले काही तपासतात. दोन कापांच्या मधल्या कडेला एखादा धागा राहून गेला असेल तर तो दिसत नाही. मोझ पद्धतीत बशीच्या आकाराचा पातळ थर काढतात, त्याची कड आणि तळ एका पातळीत येईल असा सपाट दाबून गोठवतात आणि अख्खी कड मायक्रोस्कोपखाली बघतात. जिथे पेशी दिसतील तिथलाच पुढचा थर घ्यायचा. पेशंट तोवर पट्टी लावून बाहेर चहा पीत बसलेला. नकाशा हातात घेऊन केलेलं काम. नव्या गाठीत पाच वर्षांपर्यंत परत न येण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांच्या आसपास.

काकांना सकाळी साडेआठला घेतलं. पहिला थर काढला, तर गालाकडच्या बाजूला एका जागी पेशी उरलेल्या. दुसरा थर फक्त तिथला. तो साफ. शेवटची जखम तेरा मिलीमीटरची झाली, सोळाची नाही. ऐकायला तीन मिलीमीटर काहीच वाटत नाही. नाकपुडीच्या पाळीवर ते सगळं असतं, कारण पाळीची कड वाचली. गालाची कातडी सरकवून जखम झाकली आणि दुपारी काका घरी. सहाव्या दिवशी टाके निघाले. मुलीच्या लग्नात त्यांनी स्वतः फोटो काढून घेतले, डाव्या बाजूने!

मोझ सर्जरी आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी होते हे खरं. ती मिळाली नाही म्हणून उपचार अडत नाही. काढलेल्या कडा तिथल्या तिथे गोठवून तपासणं, किंवा पक्का रिपोर्ट येईपर्यंत जखम झाकून ठेवणं आणि मग शिवणं, हेही चालतं. छातीपाठीवर अगदी वरवर पसरलेला चट्टा असेल तर इमिक्विमॉड नावाचं मलम काही आठवडे लावून काम होऊ शकतं, पण ते नाकावरच्या गाठीसाठी नाही आणि मनाने आणून लावायचं तर अजिबात नाही. फार पुढे गेलेल्या, ऑपरेशन शक्य नसलेल्या केसेससाठी त्याच तुटलेल्या ब्रेकवर काम करणारी गोळी अमेरिकेत २०१२ साली मंजूर झाली. तिथपर्यंत वेळ येऊ न देणं सगळ्यात स्वस्त.

वुल्व्हरीनचं नाक

ज्यांना अजूनही वाटतंय की हे म्हाताऱ्यांचं दुखणं, त्यांच्यासाठी ह्यू जॅकमन. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याने नाकावर बँडेज लावलेला स्वतःचा फोटो टाकला आणि सांगितलं की हा बीसीसी आहे. वय पंचेचाळीस. नाकावरची खूण तपासून घे, असं त्याच्या बायकोने सांगितलं होतं. ऑस्ट्रेलियातलं लहानपण, गोरी कातडी आणि भरपूर ऊन. पुढच्या काही वर्षांत त्याचे आणखी अनेक काढावे लागले. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुन्हा नाकाची बायोप्सी झाली, सुदैवाने ती साफ निघाली.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, ज्याला एकदा झाला त्याला दुसरा होण्याची शक्यता चांगलीच असते, तोच परत येणं वेगळं आणि नवा उगवणं वेगळं. म्हणून काका दर सहा महिन्यांनी येतात आणि मी फक्त तो व्रण नाही, कानामागे, टाळूवर, मानेवर सगळीकडे बघते. दुसरी, तुमचे मित्र किंवा भाऊ-बहीण सिडनी-मेलबर्नला असतील तर त्यांच्या गोऱ्या शेजाऱ्यांना असलेला धोका त्यांना तेवढा नाही, पण त्यांची कातडी चिलखतही नाही.

सनस्क्रीनचं काय, हा प्रश्न येणारच. क्वीन्सलँडमधल्या नॅम्बर गावात १९९२ ते १९९६ या काळात सोळाशेहून अधिक लोकांवर मोठा प्रयोग झाला. काहींनी रोज नेमाने सनस्क्रीन लावलं, बाकीच्यांनी आपल्या मर्जीने. त्वचेचा दुसरा एक कॅन्सर, स्क्वेमस सेल कार्सिनोमा, रोज लावणाऱ्यांत स्पष्टपणे कमी झाला. बीसीसीत मात्र तेवढ्या काळात फरक दिसला नाही. याचं एक कारण असं मानतात की बीसीसीचा हिशोब लहानपणीच्या आणि तरुणपणीच्या उन्हापासून सुरू झालेला असतो, आणि चार-पाच वर्षांचं सनस्क्रीन तो पुसू शकत नाही. म्हणून लावा जरूर, पण ‘मी सनस्क्रीन लावते, मग हा पिंपलच असणार’ असा निष्कर्ष काढू नका. टोपी आणि सावली यांना अजून पर्याय नाही.

सगळं चमकणारं मोती नसतं

तेवढंच घाबरवून सोडणंही बरोबर नाही. चाळिशीनंतर कपाळावर पिवळसर, मध्ये खळगी असलेले दाणे येतात, ते वाढलेल्या तेलग्रंथी. गालावर बारीक काळे ठिपके-ठिपके असतात, आईला आणि मावशीलाही असतात, ते निरुपद्रवी. डोळ्याखाली पांढरे कडक दाणे येतात, तेही निरुपद्रवी. हे रक्त काढत नाहीत आणि खपली धरत नाहीत. एखाद्या बीसीसीला मात्र कडही नसते आणि चमकही नसते, तो नुसता फिकट, कडक व्रणासारखा दिसतो. जिथे कधी लागलंच नाही तिथे व्रण कसा आला, हा प्रश्न तेव्हा पडला पाहिजे. डोळ्यांनी शंभर टक्के ओळख मलाही होत नाही. म्हणून तर बायोप्सी आहे.

या रविवारी करायचं काम

आईबाबांना खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात बसवा. बाबांची दाढी झालेली असावी, आईची टिकली काढलेली. नाकाच्या दोन्ही खाचा, डोळ्यांचे आतले कोपरे, खालच्या पापण्या, कानाच्या पाळ्या आणि कानामागचा भाग, टक्कल असेल तर टाळू. मोबाईलचा टॉर्च तिरका. चष्मा काढून नाकपॅडची जागाही बघा, तिथली खपली नेहमी चष्म्याच्या नावावर खपते. काही सापडलं तर शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा आणि तारीख लिहून ठेवा. दाबू नका, पिळू नका. पिळून पू आला तर ती पिंपलची जात, नुसतं रक्त आलं तर तुम्ही फक्त जखम केलीत.

मग कॅलेंडरवर चार आठवडे मोजा. पिंपल असेल तर तो त्यात गेला नाही तरी निदान घटलेला, बदललेला दिसेल. जखम असेल तर भरेल. डायबेटिस असेल तर भरायला जरा वेळ लागतो, पण तीही दर आठवड्याला लहान होताना दिसते. चार आठवड्यांनंतरही ती त्याच जागी असेल, भरून पुन्हा फुटली असेल किंवा कड चमकत असेल, तर पुढची ट्यूब आणायची नाही. स्किनच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घ्यायची. फोटो मोठा झालेला दिसला तर चार आठवडेही थांबायचं नाही. आणि बाबा ‘दाढीत कापतं रे’ म्हणाले, तर मी काकांना विचारलेलाच प्रश्न विचारायचा. रोज तिथेच कापतं?